बढती कामाला की खुर्चीला? पुण्याबाहेरून काम करणाऱ्या अभियंतीचे आपल्या व्यवस्थापनाला खुले पत्र

आदरणीय व्यवस्थापन आणि मनुष्यबळ विभाग,

तुमची मेल मिळाली. पुढच्या तिमाहीपासून आठवड्यातले चार दिवस हिंजवडीच्या ऑफिसात हजेरी सक्तीची होणार, कार्ड स्वाइपची नोंद पगाराच्या बदलत्या भागाला, म्हणजे व्हेरिएबल पेला, जोडली जाणार, आणि ज्यांना पुण्याबाहेर राहूनच काम करायचे आहे त्यांनी सोबतचा फॉर्म भरून ‘रिमोट’ वर्गात जायचे. मेलमधले मुख्य निर्णय एवढेच आहेत. फॉर्मच्या शेवटच्या परिच्छेदात मात्र आणखी एक वाक्य आहे: या वर्गातील कर्मचाऱ्यांचा वरच्या श्रेणीसाठी विचार होणार नाही.

त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहिते आहे. ते उघडपणे लिहिते आहे, कारण असाच फॉर्म आज ना उद्या इतर कंपन्यांतल्या पुष्कळ जणांपुढे येणार आहे. 2024 मध्ये डेल कंपनीने पूर्णवेळ रिमोट राहणाऱ्यांना बढती मिळणार नाही असे ठरवले, तेव्हा त्याची जगभर बातमी झाली. आपल्याकडे तीच गोष्ट फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरांत येते आणि कुणी काही बोलत नाही. कंपनीचे नाव मी लिहीत नाही. बदनामी करायची नाही, निर्णय बदलून हवा आहे.

मी कराडला राहते. माझ्या नवऱ्याचे इथे बी-बियाण्यांचे आणि शेती अवजारांचे दुकान आहे. दुकान उचलून पुण्याला नेता येत नाही, कारण गिऱ्हाईक इथल्या आसपासच्या गावांतले आहे आणि अर्धा व्यवहार उधारीच्या वहीवर, माणसाच्या ओळखीवर चालतो. म्हणून लग्नानंतरची पहिली काही वर्षे मी वाकडला फ्लॅट भाड्याने घेऊन राहिले आणि शुक्रवारी रात्रीच्या एसटीने घरी येत राहिले. 2020 च्या मार्चमध्ये सगळेच घरी बसले. पुढच्या वर्षी मी तुमच्याकडे रुजू झाले ते तुमच्या ऑफर लेटरमध्ये कामाचे ठिकाण ‘रिमोट, भारत’ असे लिहिले होते म्हणून. त्या शब्दांवर विसंबून आम्ही वाकडचा फ्लॅट सोडला आणि मुलाला इथल्या शाळेत घातले. पुण्यातच राहून दुसरीकडे जास्त पगार मिळत होता, तो मी नाकारला. कमी पगार, पण घर एकत्र, हा सौदा मी समजून-उमजून केला होता. त्या सौद्यात बढती सोडून देण्याचे कलम कुठेही नव्हते.

माझे काम काय आहे, हे मेल लिहिणाऱ्यांना माहीत असेलच असे नाही. इंग्लंडमधल्या एका विमा कंपनीच्या दाव्यांची रक्कम ज्या प्रणालीतून लोकांच्या खात्यावर जाते, तिच्या बॅकएंडची मी लीड आहे. आमची टीम पुणे, चेन्नई आणि इंग्लंडमधले लीड्स शहर अशी पसरलेली आहे. दुपारी अडीचला टीमचा रोजचा छोटा स्टँड-अप कॉल असतो, कारण उन्हाळ्यात तेव्हा तिकडे सकाळचे दहा वाजलेले असतात. काम जिरा या सॉफ्टवेअरवर नोंदलेल्या तिकिटांतून येते, कोड गिटवर जातो, दुसरा कुणीतरी तो तपासतो, चाचण्या पाइपलाइनमध्ये आपोआप चालतात. मी हिंजवडीला आले तरी हेच करणार. फरक इतकाच की भूमकर चौकातल्या रांगेतून पोहोचून, कानाला हेडफोन लावून, चेन्नईच्या माणसाशी बोलणार. शेजारच्या टेबलावर दुसऱ्याच प्रोजेक्टचे लोक असतील.

एका रात्रीचे उदाहरण देते. रोज मध्यरात्रीनंतर आमचा पेमेंटचा बॅच चालतो. एरवी पाऊण तासात संपणारा बॅच त्या रात्री अर्ध्यावर थांबला आणि ऑन-कॉलचा अलार्म माझ्या फोनवर आला. लॅपटॉप उघडून व्हीपीएनमधून डेटाबेसवर गेले. पेमेंटच्या टेबलवर कुणीतरी चालवलेल्या एका मोठ्या रिपोर्टच्या क्वेरीने लॉक धरून ठेवला होता आणि आमचे सगळे सेशन त्याच्यामागे ताटकळत उभे होते. क्लायंटचा डेटाबेस सांभाळणाऱ्या डीबीएला फोन लावला, त्याच्या संमतीने ते सेशन बंद केले, बॅच शेवटच्या चेकपॉइंटपासून पुन्हा सुरू केला आणि तिकडच्या बँकेची सकाळची वेळ टळण्याआधी सगळे पैसे गेले. दुसऱ्या दिवशी कारणांचा अहवाल लिहिला आणि रिपोर्टसाठी डेटाबेसची वेगळी प्रत, म्हणजे रेप्लिका, वापरावी अशी सूचना केली. ती मान्यही झाली. त्या वेळी हिंजवडीच्या इमारतीत सुरक्षारक्षकांशिवाय कुणी नव्हते. हे काम ऑफिसमधून ‘जास्त चांगले’ झाले असते, असे तुमच्यापैकी कुणी मला समजावून सांगावे.

सगळी कामे अशी नसतात, हे मलाही कळते आणि ते लपवण्यात मला रस नाही. माझी एक मैत्रीण मोटारींच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये आहे. तिच्याकडे हार्डवेअर-इन-द-लूप बेंच असतो, म्हणजे गाडीचा खरा कंट्रोलर एका यंत्राला जोडतात आणि ते यंत्र त्याला आपण गाडीतच आहोत असे भासवते. नवे सॉफ्टवेअर त्या कंट्रोलरवर चढवायचे, वायरिंग हार्नेस बदलायचा, सिग्नल येत नसेल तर ऑसिलोस्कोप लावून बघायचे, हे कराडहून होणार नाही. पण त्याच मैत्रिणीचा निम्मा आठवडा मॉडेल लिहिण्यात आणि चाचण्यांचे निकाल वाचण्यात जातो आणि ते कुठूनही होते. म्हणजे प्रश्न पदनामाचा नाही, त्या पदावरच्या प्रत्यक्ष कामांचा आहे. बँकांच्या कार्डांची माहिती हाताळणाऱ्या प्रोसेसमध्ये फोनसुद्धा बाहेर ठेवून आत जावे लागते. काही क्लायंटच्या करारातच लिहिलेले असते की काम बंदिस्त ओडीसीतूनच, म्हणजे त्या क्लायंटसाठी राखलेल्या दालनातूनच, झाले पाहिजे. सर्व्हर रूममध्ये डिस्क बदलणाऱ्याला तिथे असावेच लागते. अशा ठिकाणी ‘या’ म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. पण ऑटोमेशन टेस्टिंग, डेटाबेस, क्लाउड सपोर्ट, डेटा इंजिनिअरिंग, टेक्निकल रायटिंग या कामांना तुम्ही त्याच ओळीत बसवले आहे आणि मुख्य कारण दिले आहे ते ‘सहकार्याची संस्कृती’.

मेलमध्ये ‘सरकारी नियमां’चाही उल्लेख आहे. त्याबद्दल थोडक्यात सांगते. बीपीओसारख्या सेवांवर दूरसंचार विभागाची जी नोंदणीची बंधने होती, ती नोव्हेंबर 2020 मध्ये सैल झाली आणि भारतात कुठूनही काम करण्याची मुभा मिळाली. विशेष आर्थिक क्षेत्रातल्या कंपन्यांसाठी जुलै 2022 मध्ये नियम 43अ आला. सुरुवातीला त्यात निम्म्या कर्मचाऱ्यांना घरून काम करू देता येत होते, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती मर्यादाही उठवली गेली. या सवलती मुदतीच्या होत्या, हे खरे. पण आमचा प्रोजेक्ट मुळात विशेष आर्थिक क्षेत्राच्या इमारतीत नाही. मग आमच्या बाबतीत नेमका कोणता नियम आड येतो, त्याचा क्रमांक लिहून द्या. तो वाचून मी हा मुद्दा मागे घेईन.

आता बढतीविषयी. इथे मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण दूर राहिल्याने करिअरचे नुकसान होतेच, आणि ते कसे होते याचा चांगला अभ्यास झालेला आहे.

शांघायमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीने 2010-11 मध्ये आपल्या कॉल सेंटरमध्ये एक प्रयोग केला. स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि कंपनीचे सहसंस्थापक जेम्स लियांग हे दोघेही त्यात होते. घरून काम करायला तयार असलेल्यांतून सम तारखेला जन्मलेल्यांना नऊ महिने आठवड्याचे चार दिवस घरी बसवले आणि विषम तारखेच्यांना ऑफिसातच ठेवले. घरून काम करणाऱ्यांचे काम 13 टक्क्यांनी वाढले. त्यातला मोठा वाटा सुट्ट्या आणि मधल्या विश्रांत्या कमी झाल्याचा होता. नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. पण त्याच अभ्यासात असेही दिसले की सारखेच काम करणाऱ्या दोघांची तुलना केली, तर घरून काम करणाऱ्याला बढती मिळण्याची शक्यता बरीच कमी होती. काम वाढले आणि बढती घटली. प्रयोग संपल्यावर निवड खुली केली, तेव्हा घरी बसलेल्यांपैकी सुमारे निम्मे लोक ऑफिसात परतले. एकटे वाटणे हे त्याचे एक मोठे कारण होते.

याच कंपनीत, आता तिचे नाव ट्रिप डॉट कॉम आहे, 2021-22 मध्ये दुसरा प्रयोग झाला आणि तो 2024 मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. या वेळी 1,612 पदवीधर होते, त्यात अभियंते होते, मार्केटिंगचे आणि फायनान्सचे लोक होते. निम्म्यांना आठवड्यातून दोन दिवस घरून काम करू दिले. राजीनामे एक तृतीयांशाने घटले. आणि पुढच्या दोन वर्षांत कामाच्या मूल्यमापनात किंवा बढत्यांत दोन्ही गटांत फरक दिसला नाही.

हे दोन निकाल शेजारी ठेवले की मला एक गोष्ट दिसते. दूर राहिल्याने माणूस कमी काम करत नाही, तर साहेबाच्या नजरेआड जातो. आपल्याकडे म्हणतातच, दृष्टीआड सृष्टी. दोन दिवस दूर राहिले तर ते भरून निघते, चार-पाच दिवस दूर राहिले तर कुणी मुद्दाम भरून काढल्याशिवाय निघत नाही. ते भरून काढणे व्यवस्थापकाच्या हातात आहे, कर्मचाऱ्याच्या नाही. तुम्ही मात्र उलटे केलेत. जे नुकसान चुकून, नकळत होत होते, त्याचाच नियम केला.

हे प्रत्यक्षात कसे घडते तेही सांगते. गेल्या वर्षी आपल्याकडे एक मोठा मायग्रेशन प्रोजेक्ट आला. त्यात आर्किटेक्टच्या जागेसाठी लागणारा जवळजवळ सगळा अनुभव माझ्याकडे होता. तो प्रोजेक्ट आल्याचे मला कळले ते टीम ठरल्यावर. चौकशी केली तेव्हा व्यवस्थापक म्हणाले, “अहो, कॅन्टीनमध्ये बोलता बोलता विषय निघाला, तिथे जे होते त्यांची नावे दिली. तुम्हाला मुद्दाम वगळले असे काही नाही.” त्यांचे म्हणणे खरे आहे, याची मला खात्री आहे. त्यांच्या मनात खोट नव्हती. पण त्यानंतरच्या अप्रेझलमध्ये माझ्या नावापुढे ‘व्हिजिबिलिटी कमी’ असा शेरा आला आणि ठरावीक प्रमाणात श्रेणी वाटणाऱ्या बेल कर्व्हमध्ये मी एक पायरी खाली गेले. मोठा प्रोजेक्ट नाही म्हणून व्हिजिबिलिटी नाही, आणि व्हिजिबिलिटी नाही म्हणून पुढचा प्रोजेक्ट नाही. या चक्रातून रिमोट माणूस स्वतःच्या कष्टांनी बाहेर पडू शकत नाही, कारण नावे ठरतात ती जागा लेखी नाही.

आणखी एक नुकसान आहे आणि ते माझ्यासारख्यांचे नाही, नव्या मुलांचे आहे. माझ्या टीममध्ये कॉलेजमधून थेट आलेला एक मुलगा आहे, तोही आपल्या गावाहून काम करतो. त्याच्या सेवेला थोडा लोड आला की डेटाबेसचे कनेक्शन मिळत नव्हते. तो दोन दिवस सेटिंग्ज वाचत बसला, कनेक्शनच्या पूलचा आकार, म्हणजे एका वेळी उघडी ठेवता येणारी कनेक्शन, वाढवून पाहिला, तरी थोड्या वेळाने तेच. कारण साधे होते: काही चूक होऊन एक्सेप्शन आला की कोड ज्या वाटेने बाहेर पडत होता, त्या वाटेवर कनेक्शन बंद होत नव्हते. आकडा वाढवल्याने गळती थांबत नाही, उशिरा दिसते एवढेच. शेजारी बसलेल्या अनुभवी माणसाच्या हे दहा मिनिटांत लक्षात आले असते. मी त्याला विचारले, मेसेज का नाही केलास? तो म्हणाला, “मॅडम, तुमचं स्टेटस लाल दिसत होतं.” त्याचे अगदी बरोबर होते. चॅटवर ‘व्यस्त’ असा लाल दिवा दिसल्यावर नवा मुलगा विचारणार नाही.

एका मोठ्या अमेरिकी कंपनीतल्या सॉफ्टवेअर अभियंत्यांवरचा अभ्यासही हेच सांगतो. एकत्र बसणाऱ्या टीममध्ये कोडवर जास्त अभिप्राय मिळतो आणि त्याचा सर्वांत मोठा फायदा नवख्यांना होतो. त्याच वेळी शिकवणाऱ्या अनुभवी लोकांचे स्वतःचे काम जवळ बसल्याने कमी होते. म्हणजे जवळ बसण्याची किंमत ज्येष्ठ मोजतात आणि फायदा कनिष्ठांना होतो. म्हणून नव्या मुलांनी पहिली दोन वर्षे ऑफिसात असावे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि माझ्या टीममधल्या त्या मुलालाही मी तेच सांगितले आहे. पण त्यांना शिकवायला कुणी समोर असेल तरच त्याला अर्थ आहे. आज तुम्ही त्यांना चार दिवस बोलावता आणि त्यांचा लीड चेन्नईत, रिव्ह्यू करणारा लीड्समध्ये. स्वाइप मात्र रोजचा.

पैशांचा मुद्दा लहान आहे, तरी नोंदवते. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची ब्रॉडबँड जोडणी, इन्व्हर्टर, त्याची बॅटरी, खुर्ची, हे सगळे मी माझ्या खर्चाने केले आहे. ऑफिसातली माझी जागा, वीज, बस आणि कॅन्टीनचे अनुदान तुमचे वाचले. पुण्याच्या पगाराइतका पगार मी मागत नाही. गिटलॅब ही पूर्णपणे रिमोट चालणारी कंपनी राहण्याच्या ठिकाणाप्रमाणे पगार ठरवते, पण ते सूत्र तिने आपल्या हँडबुकमध्ये लिहिलेले आहे आणि उमेदवाराला नोकरी स्वीकारण्याआधी ते कळते. पगार कमी असणे मला चालते. नंतर कळणे चालत नाही.

माझ्या आणि माझ्यासारख्या सहकाऱ्यांच्या वतीने मागण्या अशा:

फॉर्ममधले बढती नाकारणारे वाक्य काढून टाका. ही पहिली मागणी आहे आणि तिच्यात तडजोड नाही.

प्रत्येक प्रोजेक्टमधल्या कामांची यादी करा आणि कोणत्या कामाला प्रत्यक्ष हजेरी का लागते ते एका ओळीत लिहा: यंत्र, करार, माहितीची सुरक्षा किंवा नव्यांचे प्रशिक्षण. ज्या कामापुढे यातले काहीच लिहिता येत नाही, त्यासाठी सक्ती नको.

नव्या प्रोजेक्टमधल्या जागा आधी अंतर्गत पोर्टलवर टाका, किमान आठवडाभर खुल्या ठेवा आणि मगच नावे ठरवा. बढतीच्या समितीपुढे डिझाइन, कोड, घटनांचे अहवाल, कुणाला काय शिकवले याची नोंद असा लेखी पुरावा ठेवा. ‘व्हिजिबिलिटी’ हा निकष काढा. आणि दर वर्षी ऑफिसातल्या किती टक्के आणि बाहेरच्या किती टक्के लोकांना बढती मिळाली, हे दोन आकडे सगळ्यांना सांगा.

रोजच्या स्वाइपऐवजी दर तिमाहीत एक आठवडा पूर्ण टीम एकत्र बोलवा, तारखा दोन महिने आधी कळवा आणि बाहेरगावच्यांचा प्रवास आणि राहण्याचा खर्च कंपनीने करावा. त्या आठवड्यात डिझाइनच्या चर्चा ठेवा, नव्या मुलांबरोबर बसून कोड लिहिण्याचे तास ठेवा. मी आनंदाने येईन. शिवाय रोज एक ठरलेला तास नव्यांसाठी मोकळा ठेवायला मी आजच तयार आहे. तो वेळ माझ्या बिलेबल, म्हणजे क्लायंटला बिल लावल्या जाणाऱ्या, तासांत धरला जावा एवढीच अट आहे, नाहीतर शिकवणाऱ्याचेच नुकसान होते.

ज्यांच्या ऑफर लेटरमध्ये ‘रिमोट’ लिहिले आहे, त्यांच्या अटी एकतर्फी बदलू नका. बदलणे अटळच असेल तर किमान सहा महिन्यांची सूचना द्या. मुलाची शाळा वर्षाच्या मध्यात बदलता येत नाही आणि भाड्याचे घर पंधरा दिवसांत मिळत नाही.

फॉर्म भरण्याची मुदत या महिन्याअखेर संपते. मी तो भरलेला नाही आणि वरचे वाक्य त्यात असेपर्यंत भरणार नाही. माझ्या लॉगिनवरून काम मात्र नेहमीसारखे सुरू राहील. पुढच्या टाउनहॉल बैठकीत या मागण्यांवर एकेक करून उत्तर द्यावे आणि ते नंतर लेखी स्वरूपात सर्वांना पाठवावे, ही विनंती.

आपली,
दाव्यांच्या पेमेंट टीमची एक लीड अभियंती
कराड, जि. सातारा